‘प्रयातः’ म्हणजे निघाला की निघालेला? महाभारतातलं क्रियापद नसलेलं वाक्य कसं वाचावं

गेल्या श्रावणात आमच्या गावी देवळाच्या सभामंडपात सावित्रीची गोष्ट मूळ संस्कृतातून वाचायला घेतली. बाहेर पाऊस, वीज गेलेली, समईच्या उजेडात सातआठ जण पोथीवर वाकलेले. सत्यवान सावित्रीच्या मांडीवर निजला, यम आला, पाश टाकला, इथपर्यंत गाडी बरी चालली. मग हा श्लोक आला:

यमस्तु तं तथा बद्ध्वा प्रयातो दक्षिणामुखः ।
सावित्री चापि दुःखार्ता यममेवान्वगच्छत ॥

एसटीतून निवृत्त झालेले एक काका सुट्टीत शाळेचं संस्कृत पुन्हा घोटून आले होते. ते म्हणाले, “बाई, सावित्रीच्या ओळीत ‘अन्वगच्छत’ आहे, ते कळलं. यमाच्या ओळीत क्रियापदच नाही. बद्ध्वा म्हणजे बांधून. बांधून पुढे काय केलं त्यानं?”

पुढे काय केलं ते ‘प्रयातः’ या शब्दात आहे, पण शाळेत तो शब्द आपल्याला विशेषण म्हणून शिकवलेला असतो: गतः म्हणजे गेलेला, कृतम् म्हणजे केलेलं. पाठ्यपुस्तकातून थेट महाभारतात उतरलेला माणूस पहिल्यांदा अडखळतो तो इथंच. म्हणून हा लेख. एकच उतारा घेऊ, वनपर्वातला सावित्री-यमाचा, आणि तो पायरीपायरीनं सोडवू. मदतीला गीतेतले दोनचार श्लोक, कारण ते बहुतेकांना पाठ असतात.

आधी क्तान्त ओळखा

धातूला ‘त’ लागून झालेली ही रूपं. पाणिनीनं या प्रत्ययाला ‘क्त’ म्हटलं आणि त्याचा भाऊ ‘क्तवतु’ (गतवान्, उक्तवान्) याच्यासकट दोघांना ‘निष्ठा’ हे नाव दिलं. निष्ठा भूतकाळी वापरायची, एवढं त्याचं साधं सूत्र आहे. रूप ओळखणं सोपं वाटतं, पण नवख्याला तीन ठिकाणी ते निसटतं.

पहिलं म्हणजे ‘त’च्या जागी ‘न’ किंवा आणखी काही असतं. भिन्न, मग्न, जीर्ण, हीन ही सगळी क्तान्तंच. शुष् धातूचं ‘शुष्क’ आणि पच् धातूचं ‘पक्व’ हीसुद्धा. हे शब्द मराठीत आपण इतके वापरतो की ते धातूपासून आलेत हे विसरायला होतं.

दुसरं, संधी. ‘प्रयातः’चं ‘प्रयातो’ होतं, ‘आगतः असि’चं ‘आगतोऽसि’ होतं, ही दोन्ही लवकर सवयीची होतात. घोटाळा होतो तो विसर्ग पडतो तेव्हा. ‘प्रयातः आसीत्’ हे ‘प्रयात आसीत्’ असं दिसतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की ‘प्रयात’ हे संबोधन आहे किंवा समासाचा पहिला तुकडा. ‘अ’नं संपणाऱ्या शब्दापुढं आ, इ, ए असा स्वर आला की तिथं विसर्ग पडला असेल का हे आधी तपासायचं.

तिसरं, समास. याच प्रसंगात सत्यवानाच्या देहाचं वर्णन आहे: ‘गतश्वासं हतप्रभम्’. यातलं ‘गत’ आणि ‘हत’ समासात अडकलेलं आहे, ते कधीच वाक्याचं क्रियापद होणार नाही. त्या श्लोकाचं क्रियापद पुढं ‘बभूव’ असं स्वतंत्र आलं आहे. समासातल्या क्तान्तावर पेन्सिलीनं खूण करून पुढं जा, त्यावर वेळ घालवू नका.

विशेषण की क्रियापद?

खरी अडचण ही. क्तान्त सापडलं, पण ते वाक्य पेलतंय की नुसतं कुणाला तरी चिकटलंय?

आधी विभक्ती पाहा. क्रियापदाचं काम करणारं क्तान्त प्रथमेतच असतं. यमाचं पहिलं दर्शन होतं तिथं ‘स्थितं सत्यवतः पार्श्वे’ असं आहे. ‘स्थितम्’ ही द्वितीया, कारण ते सावित्रीनं पाहिलेल्या पुरुषाचं विशेषण आहे: सत्यवानाशेजारी उभा असलेला पुरुष तिनं पाहिला. म्हणजे विशेषण, प्रश्न मिटला.

प्रथमा असेल तर त्याच वाक्यात दुसरं पूर्ण क्रियापद शोधा. नलाच्या गोष्टीत हंस बोलतो, आणि मग:

एवमुक्तस्ततो हंसमुत्ससर्ज महीपतिः ।

‘उक्तः’ प्रथमेत आहे, राजाशी जुळतंही आहे. पण ‘उत्ससर्ज’ (सोडलं) हे लिट्, म्हणजे परोक्ष भूतकाळाचं पूर्ण क्रियापद, शेजारीच उभं आहे आणि त्याचा कर्ताही तोच राजा. तेव्हा ‘उक्तः’ विशेषण: असं म्हटलं गेलेल्या राजानं हंसाला सोडलं. मराठीत आपण इथं सरळ ‘हे ऐकून राजानं हंसाला सोडलं’ म्हणू. महाभारतात ‘एवमुक्तः’ पावलोपावली भेटतं आणि बहुतेक वेळा ते असंच उंबरठ्यासारखं असतं. गीतेच्या पहिल्या अध्यायात ‘महति स्यन्दने स्थितौ’ आहे, तिथंही ‘स्थितौ’ प्रथमेत, पण शंख फुंकण्याचं काम ‘प्रदध्मतुः’ करतं.

आता आपल्या श्लोकावर हीच चाचणी लावा. ‘यमस्तु तं तथा बद्ध्वा प्रयातो दक्षिणामुखः’. ‘बद्ध्वा’ पूर्ण क्रियापद नाही. ‘अन्वगच्छत’ आहे, पण त्याची कर्ती सावित्री, आणि तिच्या ओळीत ‘च’ आल्यामुळं ते वाक्य वेगळं पडतं. शिवाय ‘बद्ध्वा’ला टेकायला यमाची स्वतःची एखादी पुढची क्रिया लागते, कारण क्त्वान्ताचा कर्ता आणि मुख्य क्रियेचा कर्ता एकच असतो. ती क्रिया ‘प्रयातः’शिवाय दुसरी उरत नाही. म्हणून हे क्रियापद.

ही क्त्वान्ताची खूण मला सगळ्यांत भरवशाची वाटते. ‘बांधून’, ‘जाऊन’, ‘पाहून’ असं काही आलं आणि त्याच कर्त्याचं पूर्ण क्रियापद कुठं दिसत नसलं, की प्रथमेतल्या क्तान्ताकडं बोट दाखवायचं.

कर्ता कोण, हे मराठीलाच विचारा

आता लिंगवचन कुणाशी जुळतंय ते पाहायचं, आणि इथं मराठी माणसाला फारसं शिकावंच लागत नाही. ‘यम गेला, सावित्री गेली, ते गेले’ यात क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. ‘यमानं दोरी टाकली, पाश टाकला’ यात ते कर्माप्रमाणे बदलतं आणि कर्त्याला ‘नं’ लागतो. आपल्याकडं ही वागणूक आली ती याच क्तान्तातून. संस्कृत ‘गत’ला प्राकृतात ‘इल्ल’सारखा प्रत्यय जोडला गेला, त्यातून आपलं ‘गेला’ झालं. ‘मी आंबा खाल्ला’ या वाक्यातला ‘मी’ तर ‘मया’च्याच वंशातला आहे, म्हणून त्याला वेगळा ‘नं’ लावायची गरज पडत नाही.

संस्कृतातही मूळ व्यवस्था हीच. सकर्मक धातूचं क्त कर्माशी जुळतं आणि कर्ता तृतीयेत जातो. गत्यर्थक आणि अकर्मक धातूंचं क्त मात्र कर्त्याशी जुळू शकतं, असं पाणिनीनं वेगळं सूत्र करून सांगितलंय. ‘प्रयातः’ हा ‘प्र’ उपसर्ग लागलेला ‘या’ धातू, गत्यर्थक, म्हणून यमाशी जुळला. क्तवतु मात्र नेहमी कर्त्याशीच जुळतं, मग धातू कोणताही असो.

याच संवादात पुढं यम सावित्रीला परत पाठवू पाहतो, आणि तिथं दुसरी तऱ्हा एका ओळीत दोनदा येते:

कृतं भर्तुस्त्वयानृण्यं यावद्गम्यं गतं त्वया ॥

‘कृतम्’ हे ‘आनृण्यम्’शी जुळलंय, दोन्ही नपुंसक. करणारी ‘त्वया’. म्हणजे ‘तू नवऱ्याचं ऋण फेडलंस’. दुसऱ्या भागात ‘गतं त्वया’ आहे. इथं गेलेली सावित्री स्त्री असूनही ‘गता’ नाही, ‘गतम्’ आहे, कारण कर्ता तृतीयेत ठेवलाय. ‘जिथवर जाता येतं तिथवर तुझं जाऊन झालं’ असा त्याचा सूर. नवखे लोक हे वाक्य ‘गेलेलं तुझ्याकडून’ असं लावतात आणि मग हसतात. हसायचं कारण नाही. ‘त्वया’ दिसलं की मराठीत ‘तू’ घाला आणि वाक्य सरळ करा, एवढंच.

थोडं विषयांतर. मराठीत ‘तो जेवला’, ‘गाय पाणी प्याली’ यांत सकर्मक असूनही क्रियापद कर्त्याशी जुळतं. जुन्या व्याकरणग्रंथांतही ‘पीता गावः’, ‘भुक्ता ब्राह्मणाः’ अशी उदाहरणं चर्चेला येतात. खाणंपिणं पोटात जाऊन माणसाची अवस्था बदलतं, तेव्हा ते कर्त्यालाच चिकटतं, असं काहीसं दोन्ही भाषांना वाटलेलं दिसतं.

‘अस्मि’ आणि ‘असि’ शोधा

क्तान्ताला लिंग असतं, वचन असतं, पण पुरुष नसतो. ‘आगतः’ म्हणजे मी आलो, तू आलास की तो आला, हे त्या शब्दावरून कळत नाही. म्हणून ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यासाठी ‘अस्मि’, ‘असि’ जोडतात, किंवा ‘अहम्’, ‘त्वम्’ बाहेर ठेवतात. ‘तो’ असला तर काहीच लागत नाही. आपल्या श्लोकात यम तृतीय पुरुषी, म्हणून ‘प्रयातः’ एकटंच उभं आहे.

त्याच यमाला स्वतःबद्दल बोलायचं होतं तेव्हा पाहा. सत्यवान इतका गुणी की त्याला न्यायला दूत पाठवणं बरं नव्हतं, असं सांगून तो म्हणतो:

नार्हो मत्पुरुषैर्नेतुमतोऽस्मि स्वयमागतः ॥

‘म्हणून मी स्वतः आलो आहे.’ इथं ‘आलो’ नव्हे, ‘आलो आहे’. ‘अस्मि’ हे वर्तमानकाळाचं रूप आहे. ते जोडलं की येण्याची क्रिया मागं झालेली, पण आलेला माणूस आत्ता समोर उभा, असा अर्थ होतो. मराठी ‘आलो आहे’ची घडण तंतोतंत हीच.

यातून वाचताना उपयोगी पडणारी एक वाटणी हाती लागते. कथा सांगणारा बोलत असतो तेव्हा क्तान्त बहुधा एकटं येतं. पात्रं एकमेकांशी बोलतात तेव्हा ‘अस्मि’, ‘असि’ जोडलेली क्तान्तं खूप दिसतात, आणि त्यांचा अर्थ बहुतेक वेळा आत्ताच्या क्षणाला धरून असतो. यामागं कारणही आहे. लिट् हा पाणिनीच्या मते बोलणाऱ्यानं न पाहिलेल्या गोष्टीसाठी, म्हणून ‘मी’बरोबर तो अवघडतो. स्वतःच्या करणीबद्दल बोलायला क्त आणि क्तवतु सोयीचे पडतात.

‘आसीत्’ जोडलेलं दिसलं तर काळ आणखी एक पायरी मागं सरकतो. माझं बनवलेलं वाक्य घ्या: ‘यमः प्रयात आसीत्’. यम निघाला होता, दुसरं काही घडलं त्याच्या आधी. ‘भविष्यति’ जोडलं की ‘निघालेला असेल’. महाभारतात नुसतं क्तान्तसुद्धा कधी कधी ‘निघाला होता’ एवढं मागं जातं, आणि ते ओळखायला शेजारच्या वाक्यांकडं बघावं लागतं.

काळ शेजाऱ्याकडून, क्रियेचं रूप स्वतःकडून

आता मुख्य मुद्दा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या धक्क्यावर कुणी चार तऱ्हांनी बोलतं. ‘बोट सुटली.’ ‘बोट सुटली आहे.’ ‘बोट सुटली होती.’ आणि आमच्याकडं रत्नागिरीपासून मुंबईपर्यंत सर्रास ऐकू येणारं चौथं: ‘मी पोचले तेव्हा बोट सुटलेली.’ पुस्तकी मराठीत याला ‘सुटलेली होती’ म्हणायला हवं, पण किनाऱ्यावर ‘होती’ गळतं आणि ‘सुटलेली’ एकटंच वाक्य पेलतं. ‘मी काल गेलेलो’, ‘त्यानं सांगितलेलं’ हे आपण दिवसातून दहादा म्हणतो. म्हणजे जुन्या संस्कृत क्तान्ताचं मराठीत रूढ क्रियापद झालं, त्यावर नव्यानं विशेषण घडलं (‘गेलेला’), आणि आता तेही पुन्हा क्रियापदाचं काम करू लागलंय. शाळेत मुलांच्या वहीत मी हे लाल शाईनं खोडत असे. संस्कृत वाचताना मात्र कोकणी कानाचा हा मोठा फायदा आहे, कारण ‘सुटली’ आणि ‘सुटलेली’ यांतला फरक आपल्याला ऐकूनच कळतो.

तो फरक असा. ‘सुटली’ म्हटलं की एक घटना घडली, कथा एक पाऊल पुढं गेली. ‘सुटलेली’ म्हटलं की घटना आधीच घडून गेलीय, तिची उरलेली अवस्था मागं पडद्यासारखी आहे, आणि त्यापुढं दुसरंच काही घडणार आहे. काळ दोन्हींचा भूतच. फरक आहे तो क्रिया कशी दिसते याचा. संस्कृत क्तान्तात या दोन्ही शक्यता एकाच रूपात असतात. कोणती ते ठरवायची युक्ती म्हणजे दोन्ही मराठी रूपं मोठ्यानं म्हणून पाहायची आणि पुढची ओळ कशाला टेकते ते ऐकायचं.

आधी गीतेच्या चौथ्या अध्यायाची सुरुवात घेऊ:

इमं विवस्वते योगं प्रोक्तवानहमव्ययम् ।
विवस्वान्मनवे प्राह मनुरिक्ष्वाकवेऽब्रवीत् ॥

मी विवस्वानाला सांगितला, विवस्वानानं मनूला, मनूनं इक्ष्वाकूला. तीनदा ‘सांगितला’, आणि तीन वेगळी रूपं. ‘प्रोक्तवान्’ क्तवतु, ‘अब्रवीत्’ लङ्. ‘प्राह’ हे घडणीनं जुनं लिट्, पाणिनीनं मात्र त्यातल्या ‘आह’ला लट्मध्ये, म्हणजे वर्तमानकाळात, बसवलंय, आणि इथं अर्थ तर उघड भूतकाळाचा. या तिघांत काळाचा किंवा क्रियेच्या दिसण्याचा काही फरक शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पिढ्यांची साखळी आहे, एकामागून एक कड्या. महाभारताच्या कथनात लङ्, लिट्, लुङ् आणि निष्ठा अशी एकमेकांच्या जागी सहज बसतात. लङ् म्हणजे आजच्या आधीचं, लिट् म्हणजे न पाहिलेलं, हे नियम कथनात घट्ट पाळलेले दिसत नाहीत. ‘इथं लिट् का आणि तिथं लङ् का’ हा प्रश्न घेऊन नवखा माणूस अख्खी संध्याकाळ घालवतो आणि कंटाळून पोथी मिटतो. तो प्रश्न सुरुवातीला बाजूला ठेवा.

पण पुढच्याच दोन श्लोकांत क्तान्त वेगळं वागतं:

स कालेनेह महता योगो नष्टः परन्तप ॥
स एवायं मया तेऽद्य योगः प्रोक्तः पुरातनः ।

‘नष्टः’ म्हणजे नुसतं ‘नष्ट झाला’ नव्हे. नष्ट झाला आणि आजही नष्टच आहे, म्हणून तर पुन्हा सांगावा लागतोय. परिणाम अजून जिवंत. आणि ‘प्रोक्तः’ला शेजारी ‘अद्य’ आहे, आज, अगदी आत्ता. म्हणजे विवस्वानाच्या वेळचं ‘सांगितलं’ आणि आत्ताचं ‘सांगितलं’, दोन्ही निष्ठेनंच. काळ किती लांबचा, हे निष्ठा सांगत नाही. ते ‘विवस्वते’, ‘महता कालेन’, ‘अद्य’ या शेजाऱ्यांकडून कळतं.

आता ‘प्रयातः’ पूर्ण सोडवू

उताऱ्याचा क्रम डोळ्यासमोर ठेवा. यमानं सत्यवानाच्या देहातून अंगठ्याएवढा पुरुष ओढून काढला: ‘निश्चकर्ष’, लिट्. देह निश्चेष्ट झाला: ‘बभूव’, लिट्. मग बांधून ‘प्रयातः’, क्त. मग सावित्री ‘अन्वगच्छत’, लङ्. चार क्रिया, तीन प्रकारची रूपं.

वृत्तासाठी क्त घातलं असेल का? ही शंका चांगली, कारण महाकाव्यात पुष्कळ गोष्टी वृत्तापायी होतात. तपासून पाहू. अनुष्टुभाचा चरण आठ अक्षरांचा, आणि सम चरणात पाचवं लघू, सहावं गुरू, सातवं लघू. ‘प्रयातो दक्षिणामुखः’मध्ये पाचवं ‘क्षि’, सहावं ‘णा’, सातवं ‘मु’. बरोबर बसतं. आता ‘प्रयातो’च्या जागी लिट् ‘प्रययौ’ घाला: ‘प्रययौ दक्षिणामुखः’. अक्षरं आठच, आणि पाच-सहा-सात जसेच्या तसे. म्हणजे लिट् इथं बसत होतं. वृत्तानं क्त लादलेलं नाही. कवीनं विचारपूर्वक निवडलं असं मी म्हणणार नाही, पण ‘वृत्तापायी’ हे उत्तर या जागी चालत नाही एवढं नक्की.

उलट शेजारच्या ‘अन्वगच्छत’कडं पाहा. गम् धातू परस्मैपदी, तेव्हा व्याकरणानं ‘अन्वगच्छत्’ हवं. पण ‘यममेवान्वगच्छत्’ची अक्षरं सातच भरतात. शेवटी ‘त’ पूर्ण केला, आत्मनेपदी रूप झालं आणि आठवं अक्षर मिळालं. काकांनी कोशात या आत्मनेपदाचा वेगळा अर्थ शोधण्यात बराच वेळ घालवला होता. तो अर्थ नाहीच. इथं वृत्ताचं काम दिसतं.

आता अर्थ. ‘प्रयातः’ म्हणजे ‘गेला’ म्हटलं तर गोष्टच मोडते. यम गेला असता तर सावित्री कुणाच्या मागं चालली असती आणि पुढचा सगळा संवाद कुणाशी झाला असता? ‘प्र’ उपसर्गानं ‘या’चा अर्थ निघण्याकडं, वाटेला लागण्याकडं झुकतो. (क्रियेचा नुसता आरंभ झाला असला तरी क्त वापरता येतं असं व्याकरणात वेगळं सांगितलंय. ‘प्रकृतः कटम्’, चटई करायला घेतली, असं त्याचं जुनं उदाहरण आहे.) तेव्हा ‘निघाला’.

मग ‘निघाला’ की ‘निघालेला’? दोन्ही म्हणून पाहा. ‘यम त्याला बांधून दक्षिणेकडं निघाला. सावित्रीही दुःखानं यमाच्याच मागं चालू लागली.’ हे नीट चालतं, आणि ‘बद्ध्वा’मुळं यमाची एकामागून एक क्रिया चालू आहे हेही दिसतं. ‘यम त्याला बांधून निघालेला, आणि सावित्री त्याच्या मागं चालू लागली.’ हेही चालतं, आणि यात सावित्रीची कृती पुढं येते, यमाचं निघणं मागचा पडदा होतं. मी भाषांतरात पहिलं ठेवते, कारण ‘तु’मुळं यमाकडं नजर वळवून त्याची नवी कृती सांगितली आहे. पण ‘निघाला’ म्हणताना त्यात ‘आणि वाटेवर आहे’ हे ऐकू आलं पाहिजे. निघण्याचा परिणाम पुढच्या ओळीत जिवंत आहे, म्हणूनच तिला मागं जाता येतं आणि म्हणूनच यम थोड्याच वेळात तिला ‘निवर्त’, परत फिर, म्हणू शकतो. ‘प्रययौ’नं घटना सांगितली गेली असती. ‘प्रयातः’नं घटना आणि तिच्यानंतरची स्थिती दोन्ही हातात येतात. कथेला या ठिकाणी दोन्हींची गरज होती, असं माझं मत.

सगळ्या क्तान्तांत हे इतकं स्पष्ट सापडेल असं मात्र समजू नका. लढाईच्या वर्णनात ‘हतः’, ‘पतितः’, ‘भिन्नः’ यांची रांग लागते आणि तिथं ते नुसत्या घटना मोजत असतात. म्हणून पुढची ओळ त्या क्रियेच्या परिणामावर उभी आहे का, हे प्रत्येक वेळी पाहायचं. उभी असेल तर परिणाम जपा. नसेल तर सरळ ‘पडला, मेला, फुटला’.

जिथं हमखास चुकतं

‘मत’ हे क्तान्त दिसायला भूतकाळी, पण ते वर्तमानाचं असतं. गीतेत ‘स योगी परमो मतः’ म्हणजे ‘श्रेष्ठ मानला गेला’ नव्हे, ‘मानला जातो’. ‘स मे युक्ततमो मतः’मध्ये ‘मे’ ही षष्ठी, माझ्या मते. मानणं, जाणणं, पूजणं या अर्थांच्या धातूंना पाणिनीनंच ही मुभा दिलीय. तसंच नपुंसक क्तान्त नामही असतं. यम म्हणतो ‘विद्ध्येतन्मे चिकीर्षितम्’, हे माझं मनातलं करणं समज. तिथं ‘चिकीर्षितम्’ला क्रियापद करायला गेलात तर ‘विद्धि’ लोंबकळत राहतं.

दुसरी चूक मालवणी बोलणाऱ्यांची, आणि ती गोड आहे. ‘तो गेलो’ कानात असल्यामुळं ‘स गतो’ ऐकून आमच्यातल्या वेंगुर्ल्याच्या एक बाई म्हणाल्या, “ह्यां तर आमचाच!” अर्थापुरतं ते खरंच. पण संस्कृतातला तो ‘ओ’ संधीमुळं आलाय, पुढचा वर्ण बदलला की जातो. मालवणीतला कायम राहतो आणि तो वेगळ्या वाटेनं, ‘अकः’ अशा लांबलेल्या शेवटातून आलाय. संधी सोडवताना त्यावर विसंबू नका.

आणि पाठभेद. तुमच्या पोथीत ‘तथा बद्ध्वा’ऐवजी ‘ततो बद्ध्वा’ असेल, ‘चापि’ऐवजी ‘चैव’ असेल. घाबरू नका, क्रियापदं तीच आहेत. तरी अभ्यासाला पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती हाताशी असावी, कारण क्तान्ताचा शेवट एका विसर्गानं बदलला तरी कर्ता बदलतो. सावित्रीची ही भेट तिथं वनपर्वाच्या २८१व्या अध्यायात आहे, आणि त्या पर्वाचं संपादन १९४२ साली सुखठणकरांनी पुरं केलं. ज्यांच्या नावानं ती संस्था आहे ते रामकृष्ण गोपाळ भांडारकर मालवणात जन्मलेले. आमच्या काकांच्या शाळेत त्यांचंच ‘मार्गोपदेशिका’ होतं, आणि ते फाटकं पुस्तक ते अजून पिशवीतून घेऊन येतात.

हातासरशी एक सोडवा

गीतेच्या शेवटी अर्जुन म्हणतो:

नष्टो मोहः स्मृतिर्लब्धा त्वत्प्रसादान्मयाच्युत ।
स्थितोऽस्मि गतसन्देहः करिष्ये वचनं तव ॥

चार क्तान्तं आहेत. ‘गत’ समासात, ते सोडा. ‘नष्टः’ मोहाशी जुळतं, अकर्मक, कर्त्याशी. ‘लब्धा’ स्त्रीलिंगी, कारण ‘स्मृतिः’ कर्म, मिळवणारा ‘मया’. ‘स्थितः’ला ‘अस्मि’ आहे, म्हणजे वर्तमान. आता स्वतःच्या बोलीत म्हणा. ‘उभा राहिलो’ म्हटलंत तर ‘अस्मि’ हरवलं. ‘उभा आहे’ म्हटलंत तर जमलं. ‘नष्टः’ला ‘नाहीसा झाला’ म्हणायचं की ‘नाहीसा झालाय’, ते मी आमच्या मंडळींवर सोडलं होतं. काका ‘झालाय’वर अडून बसले, आणि कारण विचारल्यावर त्यांनी पुढच्या ‘करिष्ये’वर बोट ठेवलं: मोह अजून शिल्लक असता तर तो लढायला तयार झालाच नसता.